फुटाला एक सूत

जुलैचा पाऊस लागून राहिला होता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या गाड्यावर ताडपत्रीच्या कडेनं पाणी धार धरून गळत होतं, आणि नुकताच फौंड्रीतून सुटून आलेला एक पोरगा त्या धारेकडं पाठ करून मोबाईलवर काहीतरी लिहीत बसला होता. लिहायचा, वाचायचा, पुसून टाकायचा, परत लिहायचा. अंगाला जळक्या वाळूचा वास, नखांच्या कडेला काळं, आणि समोरच्या बशीतली मिरची भजी गार होऊन मऊ पडलेली. शेवटी त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "अण्णा, एवढं वाचून बघा की. ह्यात काय चुकायलंय तेच कळंना झालंय."

मजकूर चार ओळींचा होता. "आदरणीय सर, आपण आजवर केलेल्या बहुमोल मार्गदर्शनाबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे. पण सध्या कामाच्या व्यापामुळे मला वेळ देणे शक्य होत नाही. गरज भासल्यास नक्की संपर्क साधेन. कृपया गैरसमज नसावा."

मी वाचला आणि "बरं लिहिलास की" म्हणून फोन परत दिला. चहाचे पैसे देऊन निघालो. तिसऱ्या रेल्वे गेटापर्यंत आलो असेन, तेव्हा लक्षात आलं की चारही वाक्यं चुकलेली होती, आणि प्रत्येक वेगळ्या कारणानं. ते आपण बोललो नाही, हे मग कितीतरी दिवस बोटात गेलेल्या कुसळासारखं टोचत राहिलं.

ज्यांना हा मजकूर जायचा होता ते आमच्या भागात बऱ्याच जणांना ठाऊक असलेले पॅटर्नमेकर मिस्त्री, म्हणजे ज्यावरून साचा पाडतात तो लाकडी नमुना, पॅटर्न, करणारे. आयुष्य लाकूड तासण्यात गेलं, आता घरीच असतात. पोराच्या वडिलांशी जुनी ओळख, तिच्यामुळंच हा दर रविवारी सकाळी त्यांच्या पडवीत जाऊन बसायला लागला. पोरगा मेथडिंगला आहे. म्हणजे साच्यात लोखंड कुठून शिरेल, कुठं आधी गोठेल, जाड भागाला रस कमी पडू नये म्हणून जास्तीचा रस साठवणारा रायझर कुठं ठेवायचा आणि केवढा, हे ठरवायचं काम. मिस्त्रींचं ज्ञान पक्कं. त्यांच्या सल्ल्याबद्दल पोराची तक्रार नव्हतीच, कारण सल्ला बहुतेक वेळा बरोबर निघायचा. घोटाळा नेमका तिथंच होता. सल्ला चुकीचा असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

त्या पोराच्या वहीतलं एक पान मी नंतर पाहिलं. एका कास्टिंगच्या बॉसमध्ये, म्हणजे अंगावरच्या जाड उंचवट्यात, श्रिंकेज येत होतं. वरून अंग चांगलं, आणि मशीनवर ड्रिल आत गेला की पोकळी लागायची, तिच्या भिंती खरबरीत, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. वायू अडकून झालेलं ब्लोहोल असतं तर भोक गोल आणि आतून गुळगुळीत दिसलं असतं. हे तसं नव्हतं, म्हणजे गोठताना रस कमी पडत होता. मिस्त्रींनी ड्रॉइंग बघून अर्ध्या मिनिटात सांगितलं: रायझर मोठा कर, ओतायचं तापमान १४०० वरून १३६० वर आण, आणि बॉसच्या खाली चिल ठेव. चिल म्हणजे साच्यात बसवलेला लोखंडाचा तुकडा, जाड भागाची उष्णता तो ओढून घेतो आणि तिथला रस लवकर गोठतो. तिन्ही गोष्टी एकाच हीटमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकाच ओतणीत, केल्या. कास्टिंग ठणठणीत निघालं.

पोरानं वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं होतं: "तिन्ही केलं. निघालं. कशामुळं, माहीत नाही."

हे वाक्य मला फार खरं वाटलं. रायझर मोठा झाला म्हणजे प्रत्येक नगामागं जास्तीचं लोखंड वितळवायचं, ओतायचं, मग तोडून परत भट्टीत टाकायचं. समजा नुसत्या चिलनं भागत होतं, तर तो वाढीव रायझर प्रत्येक नगाला उगाच पोसला जातोय. तापमान उतरवलं तर दुसरीकडं पातळ बरगडीत रस पोचण्याआधीच थिजून कोल्ड शट यायची भीती. म्हणून पोराला एका हीटला एकच बदल करून बघायचा होता. आधी फक्त चिल. नाही भागलं तर रायझर. तेही नाही तर तापमान. मिस्त्रींना त्यानं तसं विचारलंही. उत्तर आलं, "कास्टिंग निघालं न्हवं? झालं तर मग." मिस्त्रींचंही खरंच आहे म्हणा. त्यांनी ज्या काळात काम केलं त्या काळात मालाची गाडी दारात उभी असायची आणि 'कशामुळं' विचारायला कुणाला उसंत नसायची. तीन औषधं एकदम देणारा डॉक्टर रोग्याला बरा करतोच. फक्त त्याच्या हाताखालच्या कंपाउंडरला कधीच कळत नाही की ताप कशानं उतरला.

त्यात आणखी दोन बाबी होत्या. मिस्त्री अधूनमधून फौंड्रीत यायचे आणि मोल्डरांच्या देखत "अरे, रायझर असा ठेवतात काय बे?" म्हणून हाक द्यायचे. प्रेमानंच. खरं त्यानंतर दोन दिवस मोल्डर पोराचं ऐकत नसत, "मिस्त्रींना विचारून घे जा" म्हणत. आणि रात्री साडेदहाला आठ-आठ मिनिटांचे आवाजी निरोप. त्यात दोन मिनिटांचं सोनं आणि सहा मिनिटं जुन्या मालकांच्या गोष्टी. सोनं कुठल्या मिनिटाला आहे ते सगळं ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

वरच्या परिच्छेदात मी 'खरं' लिहून गेलो, 'पण' या अर्थानं. पुण्याकडच्या वाचकाला ते अडेल कदाचित. आमच्या बेळगावात, इकडं खानापूर-निपाणीपासून पार कोल्हापूरपर्यंत, 'येतो म्हणाला, खरं आला नाही' असं सर्रास बोलतात. त्या पोराच्या मजकुरातलं दुसरं वाक्य 'पण'नं सुरू होत होतं आणि तिथंच त्याचं पहिलं वाक्य मेलं. ऋणी आहे, पण. ऐकणारा 'पण'ची वाटच बघत असतो. तो आला की मागचं सगळं त्याला प्रस्तावना वाटायला लागतं. मला वाटलं होतं 'पण'च्या जागी आपलं 'खरं' घातलं की भागेल, निदान शब्दात तरी खरेपणा आहे. मनात म्हणून बघितलं. "तुम्ही लई शिकवलात, खरं..." कसलं काय. ऐकणाऱ्याचे कान तसेच टवकारले जातात. जोडशब्द कुठलाही असो, आभार आणि नकार त्यानं एकमेकांना बांधले की आभार हे नकाराचं वेष्टण होतं. मध्ये नुसता पूर्णविराम पाहिजे, जोडशब्द नको. शक्य तर नवी ओळ.

आणि ते 'आदरणीय सर'. पोरगा त्यांना दीड वर्ष 'काका' म्हणत होता. 'तुम्ही' म्हणत होता. मजकुरात एकदम 'सर' आणि 'आपण' आलं. आपल्याकडं आदर वाढवला की माणूस लांब जातो, हे मराठीत वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. घरात भांडण झालं की बायको नवऱ्याला 'आपण जेवणार का' विचारते, तसं. मिस्त्रींनी नकार वाचायच्या आधीच 'आपण' वाचलं असतं आणि काय ते समजले असते. ज्या हाकेनं नातं चाललं त्याच हाकेनं नकार द्यावा. 'बहुमोल मार्गदर्शन'ही तसंच. ते शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमातलं बोलणं, सूत्रसंचालकाच्या तोंडचं. ते कुणालाही लावता येतं, म्हणून कुणालाच लागत नाही. नाहीतरी आमच्याकडं जवळच्या माणसाचे तोंडी आभार मानले तर तो म्हणतो, "आभार कसले मानायलास, परका समजलास काय?" त्यामुळं मानायचेच असतील तर एका नेमक्या गोष्टीचे मानावेत, त्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाला देता आले नसते असे.

तशी एक गोष्ट पोराकडं होती. मजकुरात तिचा पत्ता नव्हता.

लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न हा व्हायच्या कास्टिंगपेक्षा थोडा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब करत बसायला नको, म्हणून पॅटर्नमेकरकडं वेगळी पट्टी असते, मुळातच लांब पाडलेली. तिच्यावरचा एक फूट हा खऱ्या फुटापेक्षा जास्त असतो. किती जास्त, ते धातूवर. साध्या ग्रे आयर्नला फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पोलादी कास्टिंग जवळपास दुप्पट आकसतं, त्याला फुटाला दोन सूत. पट्ट्या दिसायला सारख्याच. आकडे सारखे, रेघा सारख्या. कडेला बारीक अक्षरात धातू कोरलेला असतो, आणि वर्षानुवर्षं हात फिरून तो पुसट होतो. नेहमीच्या पट्टीशेजारी टोकाला टोक लावून ठेवली तरच फरक डोळ्याला दिसतो.

या पोराच्या एका ब्रॅकेटला बोल्टची दोन भोकं साच्यात वाळूचा कोअर बसवून पाडलेली होती, एकमेकांपासून साधारण फुटावर. जोडणीला ती जुळेनात, तीन मिलिमीटरभर लांब पडायची. बाकी सगळं मापात. पोरानं कोअर तपासला, कोअर बसायची खोबण तपासली, साचा हलतो का बघितलं. दोन आठवडे गेले. मिस्त्रींनी पॅटर्न हातात घेतला नाही की काही नाही, नुसतं विचारलं, "कुठल्या पट्टीवर केलाय रे?" पॅटर्न पोलादाच्या पट्टीवर झाला होता, ओतलं जात होतं ग्रे आयर्न. फुटाला दोन सूत वाढवलेलं, आकसलं एक सूत, उरलं एक सूत. ते तीन मिलिमीटर. बाकीच्या मापांत ते का दिसलं नाही? कारण त्या बाजू मशीनवर जात होत्या, जास्तीचं लोखंड कापलं जाऊन मापात येत होतं. ज्या अंतराला टूल लागत नव्हतं तिथंच चूक उघडी पडली. मग मिस्त्रींनी आपली जुनी पट्टी, पितळी कडा घासून गुळगुळीत झालेली, पोराला देऊन टाकली.

मला हे कळलं तेव्हा वाटलं, आभार याचेच. वर्षभराच्या सगळ्या रविवारांचे नव्हेत. एवढा एक प्रश्न, "कुठल्या पट्टीवर केलाय रे?", आणि त्यानं वाचवलेली मेहनत. गंमत अशी की हा एकमेव प्रसंग असा होता जिथं मिस्त्रींनी उत्तर न देता प्रश्न विचारला होता. पोराला चालणारी रीत त्यांच्याकडं होतीच की. एकदाच निसटून बाहेर आली.

हे त्यांना सांगता आलं असतं का? "काका, तुम्ही असं विचारत जा" म्हणून? पोरानं खरंतर दोनदा प्रयत्न केला होता. एकदा म्हणाला, मी आधी माझा अंदाज सांगतो, मग तुम्ही बोला. पहिला रविवार बरा गेला, दुसऱ्याला अंदाजाच्या तिसऱ्या शब्दावर मिस्त्रींनी पेन्सिल हातातून घेतली. दुसऱ्यांदा म्हणाला, रात्री ऐकायला जमत नाही, लिहून पाठवाल काय. लिहून आलं, तीन शब्दांत: "रायझर लहान आहे." मला वाटतं, नकाराआधी एवढं करून बघावं, एक-दोन महिने, आणि नुसतं 'जरा वेगळं सांगा' न म्हणता असं नेमकं मागून बघावं. चाळीस वर्षांची सवय एका पोरासाठी बदलत नसते, आणि बदलावी अशी अपेक्षा धरणंही मला थोडं उद्धटच वाटतं. पण मागून बघितलेलं असलं की नकार देताना आपल्याला आपली लाज वाटत नाही.

मजकुरातली तिसरी चूक 'कामाच्या व्यापामुळे'. वेळेची सबब आमच्या गावात टिकत नाही. वेळ नाही म्हटलं की समोरचा वेळ काढून देतो: रविवारी नको तर शनिवारी संध्याकाळी ये, तेही नको तर मीच येतो तिकडं. सबब ही अडचण म्हणून सांगितली जाते, आणि अडचण सोडवणं हा तर मिस्त्रींचा धर्म. शिवाय गाव केवढं? ज्या रविवारी व्याप आहे त्याच रविवारी गणपत गल्लीत चुरमुरे घेताना गाठ पडणार. 'गरज भासल्यास संपर्क साधेन' हेही तसंच. खोटं असेल तर म्हणू नये, कारण म्हातारा माणूस त्या फोनची खरोखर वाट बघतो. आणि 'गैरसमज नसावा' लिहिलं की वाचणारा लगेच शोधायला लागतो, गैरसमज करून घ्यायजोगं इथं आहे तरी काय.

पुढच्या आठवड्यात पोरगा परत गाड्यावर दिसला. मजकूर अजून गेला नव्हता. त्यानं मला काही विचारलं नाही, मीच आपणहून बसलो आणि रस्त्यात सुचलेलं सांगितलं. त्याचा बेत आता वेगळा होता: सांगून टाकायचं, आणि सोबत अर्धा किलो कुंदा घेऊन जायचा. मी म्हटलं, कुंदा नको. नकाराच्या दिवशी डबा नेलास तर तो हिशेब चुकता केल्यासारखा दिसेल. कुंदा दिवाळीला ने, तेव्हा तो नुसता कुंदाच असेल. पट्टी परत द्यावी का, हेही त्याच्या मनात होतं. ती तर मुळीच नको. परत केलेली वस्तू आयुष्यभर त्यांच्या टेबलावर पडून राहील आणि रोज बोलेल.

वडिलांना मात्र आदल्या दिवशी सांग म्हटलं. निरोप त्यांनी न्यायचा नाही, त्यांना फक्त ठाऊक असायला हवं. ओळख त्यांची, मिस्त्रींचा पहिला फोन त्यांनाच जाणार, आणि तिकडून "मला तर काहीच माहीत नाही" आलं तर दोन घरांत उगाच धूर होईल. समोर जाऊन सांगावं की लिहून, यावर आमचं जरा वाजलं. मी समोर जा म्हणत होतो. पोरगा म्हणाला, समोर गेलो की काकू चहा टाकणार, काका कागद पुढं ओढणार, आणि मी रायझर काढून परत येणार. त्याचं बरोबर होतं. जो माणूस आपल्याला बोलूच देत नाही म्हणून आपण थांबतोय, त्याच्यासमोर बोलून थांबणं कसं जमावं? लिहिलेलं तो निदान शेवटपर्यंत वाचेल. फक्त रात्री पाठवू नकोस, रविवारच्या आदल्या दिवशीही नको. सोमवारी सकाळी पाठव, म्हणजे त्यांना आठवडा मिळेल.

शेवटी जे गेलं ते असं:

"काका, नमस्कार. ब्रॅकेटच्या बोल्टचं अंतर जुळत नव्हतं तेव्हा तुम्ही 'कुठल्या पट्टीवर केलाय' एवढंच विचारलात. मी दोन आठवडे कोअर बघत बसलो होतो. आता कुठलाही पॅटर्न आला की मी आधी पट्टी विचारतो.

एक सांगायचं आहे. रविवारचं बसणं मी थांबवतो आहे. मला एका वेळी एकच बदल करून, लिहून ठेवून, चुकत शिकायची सवय आहे. तयार उत्तर मिळालं की माझा हात चालतो आणि डोकं थांबतं. आपल्या दोघांची रीत वेगळी आहे. या रविवारपासून माझी वाट बघू नका, रात्रीचे निरोपही नकोत.

पट्टी माझ्याजवळ आहे, रोज वापरतो. दिवाळीला घरी येतो."

आधी त्यात 'यात तुमचं काही चुकलं असं नाही' असं एक वाक्य होतं. ते काढायला मी सांगितलं, कारण तोवर चुकीचं नावही कुणी काढलेलं नव्हतं. 'रात्रीचे निरोपही नकोत' हे मला जरा कडक वाटलं होतं, पोरानं ते हट्टानं ठेवलं. आता वाटतं, ते होतं म्हणूनच बाकीचं गोड बोलणं पाणचट झालं नाही. शेवटचं 'येतो' त्याला आपोआप आलं असावं. आपल्यात निघतानाही कुणी 'जातो' म्हणत नाही, आणि शेजारचा कानडी माणूसही उठताना 'बर्तीन्री' म्हणजे येतोच म्हणतो.

उत्तर दुपारी आलं. दोन शब्द: "होय की."

बेळगावकराला हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत, आणि बाहेरच्याला सांगता येत नाहीत. 'होय की' म्हणजे बरं. 'होय की' म्हणजे ठाऊक होतं. 'होय की' म्हणजे आता तू म्हणतोस तर तसं. राग असला तरी हेच, आणि नसला तरी हेच. पोरानं मला फोन दाखवून विचारलं, "अण्णा, चिडलेत काय?" मी ते दोन शब्द चार वेगवेगळ्या सुरांत मनात म्हणून बघितले. पाऊस थांबला होता, ताडपत्रीत साठलेलं पाणी गाडेवाला काठीनं खालून ढकलून सांडत होता. पोरानं फोन खिशात टाकला आणि चिल एकटीच ठेवून ओतलेल्या त्या दिवशीच्या हीटचे तीन नग ड्रिलवर लावायला निघून गेला.